जिव्हाळ्याचा पण थोडक्यात निरोप: एका कार्डावरचे ४६ शब्द

प्रश्न: माझी सहकारी शुक्रवारी आमची कंपनी सोडून दुसरीकडे रुजू होतेय. मी तिला ताई म्हणतो. अकाउंट्समध्ये साडेतीन वर्षं आम्ही शेजारी बसलो. माझ्या पहिल्याच महिनाअखेरीला बँक रिकन्सिलिएशनमध्ये, म्हणजे आमच्या हिशेबातली शिल्लक बँकेच्या शिल्लकेशी जुळवताना, १८०चा फरक येत होता आणि तासभर शोधून मी रडकुंडीला आलो होतो. ती स्वतःची क्लोजिंग अर्धवट ठेवून शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आधी नऊने भागून बघ." दहा मिनिटांत फरक सापडला. आता सगळ्यांच्या सह्यांच्या कार्डावर लिहायचंय. मी लिहिलेलं जागेत मावत नाही, आणि कापायला गेलो तर नुसतं "पुढील वाटचालीस शुभेच्छा" उरतं. जिव्हाळ्याचं पण थोडक्यात कसं लिहू? माझा मसुदा असा:

> प्रिय ताई, तू एक उत्तम सहकारी आणि मार्गदर्शक होतीस. तुझा हसरा स्वभाव, कामावरची निष्ठा आणि सगळ्यांना सांभाळून घेण्याची वृत्ती कायम स्मरणात राहील. तू मला खूप काही शिकवलंस. तुझ्या जाण्याने विभागात कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे. तुझ्याशिवाय महिनाअखेर कशी निघेल कोण जाणे. तुझी उणीव पदोपदी भासेल. नव्या कंपनीत तुझ्या कर्तृत्वाला नवे पंख लाभोत, यशाची शिखरं सर करत राहा. आम्हाला विसरू नकोस. पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा!

उत्तर:

तुमचा निरोप लिहून झालेला आहे, फक्त तो मसुद्यात नाही, प्रश्नात आहे. १८०चा फरक, अर्धवट ठेवलेली क्लोजिंग, "आधी नऊने भागून बघ" हे सगळं तुम्ही मला सांगितलंत आणि ज्या बाईंसाठी कार्ड आहे त्यांच्यासाठी मात्र "तू मला खूप काही शिकवलंस" एवढंच ठेवलंत. मी गेली बावीस वर्षं मनुष्यबळ विभागात काम करते. निरोपाचं कार्ड टेबलाटेबलावर फिरवणं आणि "काय लिहू हो?" असं विचारणाऱ्यांच्या शेजारी बसणं हे त्या कामातच येतं, आणि ही गोष्ट मी जवळजवळ प्रत्येक कार्डाच्या वेळी पाहिली आहे. माणसं तिसऱ्या माणसाला खरं सांगतात आणि पेन हातात आलं की समारंभाची भाषा बोलू लागतात. म्हणून मी त्यांना लिहायला सांगतच नाही. आधी विचारते, "सोमवारी त्या जागेवर नसतील तेव्हा तुम्हाला नेमकं काय आठवेल?" ते बोलायला लागतात आणि मी कागदावर टिपून घेते. त्यांच्या तोंडून दुसरं किंवा तिसरं जे वाक्य येतं, बहुतेक वेळा तेच कार्डावर जातं. पहिलं वाक्य अजून स्तुतीचंच असतं.

आता मसुद्याकडे येऊ. मोजले तर तो ६७ शब्दांचा आहे, म्हणजे काही फार लांब नाही. तो लांब वाटतो, कारण त्यात नऊ वाक्यं आहेत आणि नऊही वाक्यं वेगवेगळ्या दिशांना जातात: स्वभाव, निष्ठा, शिकवण, पोकळी, महिनाअखेर, उणीव, पंख, शिखरं, विसरू नकोस. वाचणाऱ्याची नजर कशावरच ठरत नाही. थोडक्यात लिहिणं म्हणजे या नऊंमधला प्रत्येक मुद्दा थोडा थोडा आखडणं नव्हे. तसं केल्यामुळेच तुमच्याकडे शेवटी नुसत्या शुभेच्छा उरल्या. आठ मुद्दे पूर्ण सोडायचे आणि एकाला पुरेशी जागा द्यायची, की मजकूर आपोआप लहान होतो.

कुठला ठेवायचा हे ठरवायला मी एक साधी परीक्षा करते. प्रत्येक वाक्य घ्यायचं आणि त्या विभागातल्या दुसऱ्या कुणाचं नाव मनात धरून वाचायचं. हसरा स्वभाव? चालतो. कामावरची निष्ठा? चालते, आणि गेल्या वर्षी सोडून गेलेल्या माणसाच्या कार्डावरही बहुधा तीच होती. पंख आणि शिखरं तर कुणालाही चालतात. मसुद्यातलं एकही वाक्य या परीक्षेत टिकत नाही. प्रश्नातला नऊने भागण्याचा प्रसंग मात्र दुसऱ्या कुणाच्या नावावर बसत नाही, तो त्यांचाच आहे.

त्या प्रसंगात जिव्हाळा नेमका कुठे आहे, हेही पाहायला हवं, कारण कापताना तोच भाग चुकून जातो. पहिल्यांदा वाटतं की महत्त्वाची गोष्ट म्हणजे युक्ती. दोन शेजारचे अंक उलटे लिहिले गेले, म्हणजे ५,६४०चे ५,४६० झाले, तर येणारा फरक नेहमी नऊने भागला जातो. इथे फरक १८० आणि १८० म्हणजे नऊ गुणिले वीस. म्हणून फरकाला नऊने भाग गेला की आधी उलट्या पडलेल्या अंकांचा संशय घ्यायचा. भाग गेला म्हणून तीच चूक असेल असं नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. युक्ती छानच आहे, पण ती तुम्हाला पुढेमागे कुणीही सांगितली असती. जिव्हाळा आहे तो "स्वतःची क्लोजिंग अर्धवट ठेवून" या चार शब्दांत. महिनाअखेरीच्या संध्याकाळी स्वतःचं काम बाजूला सारून नव्या मुलाच्या शेजारी येऊन बसणं म्हणजे काय, हे अकाउंट्समधल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. त्यांना तिथे काहीतरी सोसावं लागलं आणि तुम्ही ते पाहिलंत, लक्षात ठेवलंत. "तू सगळ्यांना सांभाळून घेतेस" ही तुमची त्यांच्याबद्दलची मतप्रदर्शनाची ओळ आहे. क्लोजिंग अर्धवट ठेवल्याची ओळ हा पुरावा आहे. पुरावा ठेवला की मत लिहावं लागत नाही.

मसुदा बाजूला ठेवून प्रसंग सरळ सांगायला घेतला, तर तो पहिल्या झटक्यात साधारण असा उतरतो:

> ताई, मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. माझी पहिलीच महिनाअखेर होती आणि बँक रिकन्सिलिएशनमध्ये १८०चा फरक येत होता. मी तासभर सगळ्या एन्ट्र्या पुन्हा पुन्हा तपासत होतो, पण फरक काही सापडत नव्हता. मी अगदी रडकुंडीला आलो होतो. तेव्हा तू स्वतःची क्लोजिंग अर्धवट ठेवून माझ्या शेजारी येऊन बसलीस आणि समजावून सांगितलंस की दोन अंक उलटे लिहिले गेले तर फरकाला नऊने भाग जातो, म्हणून आधी नऊने भागून बघायचं. दहा मिनिटांत फरक सापडला. हा प्रसंग मी कधीच विसरणार नाही. तू खूप चांगली शिक्षिका आहेस.

हा मजकूर तुमच्या मसुद्यापेक्षा लांब झाला, तरी मी तो चांगला मानते, कारण आता कापायला हातात खरी वस्तू आहे. "तेव्हाची गोष्ट" ही प्रस्तावना जाते. "पहिली महिनाअखेर" म्हटलं की काळ कळतोच. एन्ट्र्या तपासण्याचं वर्णन जातं, कारण "तासभर शोधून" यात ते आलं. नऊचं स्पष्टीकरण तर पूर्ण जातं, आणि याचं अनेकांना फार वाईट वाटतं. त्यांना वाटतं, बाकीच्यांना कळणार कसं? पण कार्ड बाकीच्यांसाठी नाही. ज्यांनी ते वाक्य म्हटलं त्यांना नऊ म्हणजे काय हे सांगायची गरज नाही, आणि दोघांनाच कळणारी एखादी गोष्ट कार्डावर असली की वाचणाऱ्याला ते पत्र आपल्याच नावाचं आहे असं वाटतं. ज्यांना कळणार नाही ते विचारतील, आणि ताई त्यांना हसत सांगतील. ते स्पष्टीकरण त्यांच्या तोंडीच शोभेल.

"दहा मिनिटांत फरक सापडला" हे काढायला मलाही जिवावर येतं, पण ते काढावं. ती ओळ ठेवली की प्रसंग फरक सापडण्याचा होतो. तुम्हाला सांगायचंय ते शेजारी येऊन बसण्याबद्दल. शेवटची दोन वाक्यं, "कधीच विसरणार नाही" आणि "चांगली शिक्षिका आहेस", ही जिथे प्रसंग कमी पडतो तिथे लागणारी ठिगळं आहेत. साडेतीन वर्षांनंतर तुम्ही १८० हा आकडा लिहिताय, म्हणजे विसरला नाहीत हे दिसतंच आहे.

मात्र एक गोष्ट वाढवावी लागते. प्रसंग झाला, पुढे काय? त्याचा आज तुमच्यावर काय परिणाम उरला आहे, ते एका वाक्यात हवं, नाहीतर किस्सा अधांतरी राहतो. इथे मोठं बोलायचा मोह होतो, "आज मी जो काही आहे तो तुझ्यामुळे" वगैरे. साडेतीन वर्षांच्या नोकरीला एवढं वजन पेलत नाही आणि वाचणाराही संकोचतो. जे खरंच घडलं तेवढंच लिहायचं. मी अंदाजाने लिहिते, तुमच्या बाबतीत वेगळं असेल तर बदला: "तेव्हापासून फरक आला की मी घाबरत नाही."

शुभेच्छेचंही तसंच. शिखरं आणि पंख यांत अडचण अशी की ती फार लांबची आहेत. ताईंना पुढच्या सोमवारी कुठलंही शिखर सर करायचं नाहीये. त्या एका अनोळखी खुर्चीवर बसणार आहेत, सॉफ्टवेअर वेगळं असेल, व्हाउचर कुठे ठेवतात ते माहीत नसेल, आणि महिन्याभरात त्यांचीही तिथली पहिली महिनाअखेर येईल. साडेतीन वर्षांपूर्वी तुम्ही जिथे होतात तिथे आता त्या असतील. शुभेच्छा त्या दिवसासाठी द्या. मग ती प्रसंगातूनच उगवते, वेगळी चिकटवावी लागत नाही.

एवढं केल्यावर मजकूर असा होतो:

> ताई,
> माझी पहिली महिनाअखेर, १८०चा फरक, आणि तासभर शोधून मी रडकुंडीला आलेलो. स्वतःची क्लोजिंग अर्धवट ठेवून तू शेजारी येऊन बसलीस आणि म्हणालीस, "आधी नऊने भागून बघ." तेव्हापासून फरक आला की मी घाबरत नाही. नव्या ठिकाणी तुझ्या पहिल्या महिनाअखेरीला तुझ्याही शेजारी असं कुणीतरी येऊन बसो.
> भेटत राहू.

४६ शब्द. तळहाताएवढ्या जागेत मावतात, आणि निरोपाच्या कार्यक्रमात कुणी वाचून दाखवायला सांगितलं तर अर्ध्या मिनिटाच्या आत संपतात. "प्रिय" मी काढलं आहे. तुम्ही रोज "ताई" अशीच हाक मारता ना? मग कार्डावरही तशीच मारा.

हाकेवरून "तू" आणि "तुम्ही"चा प्रश्न येतो. मराठीत तो टाळता येत नाही, कारण क्रियापदच ते उघड करतं. नियम एकच: रोज बोलता तेच लिहा. साडेतीन वर्षं "तू" म्हणणाऱ्या माणसाने साहेब वाचतील म्हणून कार्डावर "आपण" लिहिलं, तर ताईंना ते परकं वाटेल. उलट, रोज "तुम्ही" म्हणणाऱ्याने शेवटच्या दिवशी लाडाने "तू" केलं तर अवघड होतं. "तुम्ही"मध्येही भरपूर माया मावते: "तुम्ही शेजारी येऊन बसलात" या वाक्यात काय कमी आहे?

आता मसुद्यातल्या ज्या ओळी गेल्या त्यांतल्या दोन-तीन नुसत्या जुन्या झाल्या म्हणून गेल्या नाहीत. त्या नुकसान करतात, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं सांगते.

"कधीही न भरून येणारी पोकळी", "कायम स्मरणात राहील", "होतीस". हे शब्द मराठी वाचकाने कुठे वाचलेले असतात? श्रद्धांजलीत. मी नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका सहकाऱ्याच्या कार्डावर अगदी मनापासून "आपल्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी" असं लिहिलं होतं. त्यांनी काही महिन्यांनी मला अतिशय सौम्यपणे सांगितलं की ती ओळ वाचून त्यांच्या आईला कसंसंच झालं आणि तिने ते कार्ड कपाटात आत ठेवून दिलं. तेव्हापासून मी प्रत्येक कार्डावरचा काळ तपासते. घडून गेलेला प्रसंग भूतकाळात लिहायचा: बसलीस, म्हणालीस. माणसाचा गुण मात्र वर्तमानात: "तू छान समजावतेस", "समजावायचीस" नाही. तो गुण त्या इथे ठेवून चाललेल्या नाहीत, सोबत घेऊन चालल्या आहेत. "जाणे" या क्रियापदालाही जपावं. घरातून निघताना आपण "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो. ती सवय कानात इतकी मुरलेली आहे की "तुझ्या जाण्याने" हे शब्द मोठ्याने वाचले तर आपलेच आपल्याला खटकतात. "निघतेस", "नव्या ठिकाणी रुजू होतेस" हे साधे शब्द पुरतात.

"तुझ्याशिवाय महिनाअखेर कशी निघेल कोण जाणे." ही ओळ तुम्ही प्रेमाने लिहिली आहे, पण ती कुणाकुणाच्या डोळ्यांखालून जाईल ते बघा. त्यांचं काम ज्यांच्याकडे सोपवलं आहे, ते त्याच कार्डावर तुमच्या खाली सही करणार आहेत. त्यांना ही ओळ कशी वाटेल? साहेबांना त्यात तक्रार दिसू शकते. आणि स्वतः ताईंना, ज्या आधीच हँडओव्हर पुरता झाला की नाही या काळजीत असतील, त्यांना त्यातून आपण कुणाला तरी अडचणीत टाकून निघालोय असं वाटू शकतं. "आम्हाला विसरू नकोस" यातही तीच अडचण आहे. ओळ प्रेमाची आहे, पण काम समोरच्याला लावते. लक्षात ठेवायचं काम आपण आपल्याकडे घ्यावं.

"उणीव भासेल" मला व्यक्तिशः आवडत नाही. उणीव यंत्रातल्या सुट्या भागाचीही भासते. "तुझी आठवण येईल" हे त्याहून सोपं आणि खरं. "मिस करेन" असं तुम्ही एरवी बोलत असाल तर तेही लिहा, शुद्धतेसाठी आपला आवाज बदलू नये. कार्डावर जागा कमी आहे म्हणून मी दोन्ही गाळले. पण आठवण नेमकी कधी येईल हे तुम्हाला माहीत असेल, तर ते वाक्य खाजगी निरोपासाठी राखून ठेवा.

खाजगी निरोप वेगळाच लिहायचा असतो. कार्ड सगळे वाचतात, त्याचा फोटो निघतो, तो कुठेही टाकला जातो. म्हणून कार्डावर ग्राहकाचं नाव नको, ऑडिटमधली कुठली भानगड नको. तुमचा १८०चा फरक चालेल, त्यातून कंपनीचं काही उघड होत नाही. नव्या कंपनीचं नाव त्यांनी स्वतः सगळ्यांना सांगितलं नसेल तर तुम्हीही लिहू नका. प्रत्यक्ष रुजू होईपर्यंत बरेच जण ते मुद्दाम सांगत नाहीत. "चांगलं पॅकेज मिळालं", "सुटलीस बाई" हे तर अजिबात नको, कारण मागे राहिलेले सगळे ते वाचणार आहेत. ऑफिसच्या ग्रुपवर कार्डाचाच मजकूर पुन्हा टाकू नका, तिथे एक ओळ पुरे. तीस जणांचे "ऑल द बेस्ट" एकाखाली एक येत असतात, त्या गर्दीत लांब निरोप कुणी नीट वाचत नाही आणि कार्डावरची तुमची ओळ मात्र आधीच वाचलेली होऊन बसते.

खाजगी निरोपात मोकळेपणाने लिहिता येतं. तिथे लिहा: "दुपारी काही अडलं की मान उजवीकडे वळते. अजून महिनाभर तरी वळत राहील." आणि भेटायचं असेल तर वार सांगा. कार्डावर "भेटत राहू" एवढंच ठीक आहे, पण फोनवरच्या निरोपात त्याच शब्दांना वजन नसतं. "पुढच्या शनिवारी संध्याकाळी मोकळी आहेस का?" याला असतं. भेटायचं मनात नसेल तर मात्र शनिवारही लिहू नका आणि "भेटत राहू"ही. अशा वेळी शुभेच्छेवर थांबलेला निरोप जास्त प्रामाणिक असतो.

वेळेचंही बघा. शेवटच्या दिवशी माणूस लॅपटॉप परत देणं, ओळखपत्र जमा करणं, उरलेल्या सह्या यांत अडकलेला असतो, आणि ऑफिसचा ईमेल अनेक ठिकाणी त्याच संध्याकाळी बंद होतो. शुक्रवारी रात्री ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलेला सुंदर ईमेल कुणीच वाचत नाही. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता दोन दिवस आधी सगळ्यांना आठवण करते. कार्ड गुरुवारी लिहून पूर्ण करा, आणि त्यांचा स्वतःचा नंबर तुमच्याकडे आहे ना, ते आजच तपासा. लिहिताना आधी कोऱ्या कागदावर तेवढीच चौकट आखून बघा. कार्डाचा कागद गुळगुळीत असेल तर जेल पेन फासतं, बॉलपेन घ्या.

इतकं जवळचं नातं नसेल तर? विभागातले बाकीचे तुम्हाला विचारतील, म्हणून सांगते. ओढूनताणून प्रसंग शोधू नये. दोन वाक्यं पुरतात: एक पाहिलेली गोष्ट, एक शुभेच्छा. "तुमच्याकडून आलेली फाइल कधी परत पाठवावी लागली नाही. नव्या कामासाठी मनापासून शुभेच्छा." मी स्वतः आधीची नोकरी सोडली तेव्हा माझ्या कार्डावर एकतीस सह्या होत्या. त्यातली मला आज पाठ असलेली ओळ ज्यांच्याशी माझं फारसं बोलणंही नव्हतं अशा एकांची आहे: "तुम्ही मीटिंग पाच मिनिटं आधी संपवायच्या. त्या पाच मिनिटांत मी घरी फोन करायचो." मला हे ठाऊकच नव्हतं. जवळच्यांनी लिहिलेली लांबलचक स्तुती मी तेव्हा आनंदाने वाचली होती, पण आज त्यातलं काही आठवत नाही.

सोडण्यामागे कटुता असेल, माणूस नाराज होऊन निघत असेल किंवा त्याला निघावं लागत असेल, तर कारणाला अजिबात हात लावू नये, आणि "नवी भरारी" वगैरे उत्साहही दाखवू नये. तुमच्या आणि त्याच्यामधलं जे चांगलं होतं तेवढंच लिहावं. अशा कार्डावर मी शुभेच्छासुद्धा लहान ठेवते: "पुढचं सगळं तुमच्या मनासारखं होवो."

तुमच्याकडे मात्र यातली कुठलीच अडचण नाही. वरच्या ४६ शब्दांत मी अंदाजाने घातलेलं एकच वाक्य आहे, घाबरत नसल्याचं. ते तुमच्यासाठी खरं आहे का, हे लिहिण्याआधी एकदा स्वतःला विचारा. खरं नसेल तर खरं असेल ते लिहा: "तेव्हापासून नवीन मुलं आली की मीही त्यांच्या शेजारी जाऊन बसतो," किंवा "अजून घाबरतो, पण आधी नऊने भागून बघतो." दुसरं वाक्य मला जास्त आवडेल, जर ते खरं असेल तर.

आणि आजच फोनवर एक आठवण लावून ठेवा, त्यांच्या तिथल्या पहिल्या महिनाअखेरीच्या दुसऱ्या दिवसाची. त्या दिवशी एवढंच पाठवा: "ताई, फरक आला का? नऊने भागून बघितलास?"